बाळाने काय पाप केले? : पाचव्या शतकातील एका वादाची कथा

इ.स. ४११च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात बिशप ऑरेलियस याच्यापुढे एक चौकशी झाली. आरोपी होता सेलेस्टियस नावाचा बुद्धिमान, वादपटू गृहस्थ. रोमवर गॉथ टोळ्यांचे संकट आले तेव्हा इटली सोडून आफ्रिकेत आलेल्या अनेकांपैकी तो एक. त्याला कार्थेजमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा हवी होती. मिलानहून आलेल्या पॉलिनस नावाच्या डीकनने त्याच्याविरुद्ध तक्रार केली. या चौकशीच्या टिपणातला थोडा भाग ऑगस्टीनने पुढे आपल्या एका ग्रंथात उतरवून ठेवला, म्हणून आज तो आपल्याला वाचता येतो.

तक्रार अशी : आदामाच्या पापाने फक्त आदामाचे नुकसान झाले, साऱ्या मानवजातीचे नाही, आणि नुकते जन्मलेले मूल पापापूर्वी आदाम ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत असते, असे सेलेस्टियस शिकवतो. सेलेस्टियसने सावध उत्तर दिले. पाप पिढ्यान्‌पिढ्या उतरत येते की नाही याविषयी आपण साशंक आहोत. चर्चमधल्याच धर्मगुरूंकडून दोन्ही मते ऐकली आहेत. नावे सांगा, असा आग्रह झाल्यावर त्याने रोममध्ये राहणाऱ्या रुफिनस नावाच्या एका धर्मगुरूचे नाव घेतले. आणखी कोण, असे विचारल्यावर त्याने उलट विचारले की एक धर्मगुरू तुम्हाला पुरत नाही का? मग तो म्हणाला की हा चर्चेचा विषय आहे, पाखंडाचा नव्हे. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा हवा, हे तर मी नेहमीच म्हणत आलो आहे.

चौकशीअंती सेलेस्टियसला बहिष्कृत करण्यात आले आणि तो एफेससकडे निघून गेला. कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांविषयीचा जो वाद पश्चिमेकडील ख्रिस्ती चर्चमध्ये सव्वाशे वर्षे चालला आणि ज्याचे पडसाद पुढे हजार वर्षे उमटले, त्याची गाठ मला या शेवटच्या वाक्यात दिसते. बाळाला बाप्तिस्मा हवा हे दोन्ही पक्षांना मान्य होते. तो कशासाठी, एवढाच प्रश्न होता.

पेलाजियसचे म्हणणे

सेलेस्टियसचा गुरू पेलाजियस हा मूळचा ब्रिटनचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये तो खानदानी कुटुंबांचा आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून वावरत होता. ख्रिस्ती होणे ही तोवर समाजात मिरवण्याची गोष्ट झाली होती आणि नावापुरत्या ख्रिस्ती लोकांची त्याला चीड होती. माणूस दुर्बळ आहे, काय करणार, ही सबब त्याला ऐकवत नसे. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे, अशा अर्थाची एक प्रार्थना आहे. एका बिशपने ती रोममध्ये पेलाजियससमोर म्हटली तेव्हा तो संतापला आणि प्रकरण हातघाईवर येता येता राहिले, असे ऑगस्टीननेच म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

पेलाजियसचा विचार एका साध्या विभागणीवर उभा आहे. प्रत्येक कृतीत तीन गोष्टी असतात : करू शकणे, करावेसे वाटणे आणि प्रत्यक्ष करणे. यातली पहिली गोष्ट देवाची, उरलेल्या दोन माणसाच्या. डोळ्यांनी पाहता येणे हे आपल्या हातचे नाही. पण चांगले पाहायचे की वाईट, हे आपल्या हातचे आहे, असा त्याचा दृष्टान्त. देव अशक्य गोष्टीची आज्ञा देत नाही, कारण तो न्यायी आहे. कृपा तो नाकारत नव्हता. पण त्याच्या लेखी कृपा म्हणजे ही मूळची क्षमता, मोशेचे नियमशास्त्र, ख्रिस्ताचा उपदेश व उदाहरण आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मिळणारी मागच्या पापांची क्षमा. आतून येऊन मन वळवणारी, इच्छेलाच नवी करणारी कृपा या यादीत नव्हती.

यात गंमत अशी की आपल्या समर्थनार्थ पेलाजियसने ऑगस्टीनच्याच तरुणपणीच्या ग्रंथाचा, ‘इच्छास्वातंत्र्याविषयी’ या ग्रंथाचा, आधार घेतला होता. पाप हे इच्छेचे कृत्य आहे, इच्छा नाही तिथे पाप नाही, हे ऑगस्टीननेच एकेकाळी ठासून सांगितले होते. ते मणी पंथीयांविरुद्ध होते, आता प्रसंग वेगळा होता. पण शब्द लेखी होते आणि ते नाकारता येत नव्हते.

फुंकर आणि एक लॅटिन शब्द

ऑगस्टीनने प्रतिवादाला सुरुवात केली ती तत्त्वज्ञानातून नव्हे, विधीतून. बाप्तिस्मा ‘पापांच्या क्षमेसाठी’ दिला जातो, हे श्रद्धाप्रकटनाचे शब्द. बाळ आणि प्रौढ यांच्यासाठी बाप्तिस्म्याची वेगळी सूत्रे नाहीत. मग बाळाची कोणती पापे पुसली जातात? त्याने स्वतः तर काही केलेले नाही. शिवाय आफ्रिकेत बाप्तिस्म्यापूर्वी बाळाच्या तोंडावर फुंकर मारून सैतानाला निघून जायला सांगत. बाळावर सैतानाची सत्ताच नसेल, तर ही फुंकर कोणावर? मरणोन्मुख मूल घेऊन लोक चर्चकडे धावत सुटतात, ते कशासाठी? सगळे चर्च गंभीरपणे एक नाटक करत आहे काय?

हा युक्तिवाद साधा दिसतो, पण तो अडवणे फार कठीण होते. पेलाजियसपक्षाला बाळांचा बाप्तिस्मा मोडायचा नव्हता. मग त्यांनी भेद केला : बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला अनंत जीवन मिळते, स्वर्गाचे राज्य मात्र मिळत नाही. अशी बाळे कुठे जात नाहीत ते मला ठाऊक आहे, कुठे जातात ते ठाऊक नाही, असे पेलाजियस म्हणत असे, अशी नोंद आहे. या उत्तरात प्रामाणिकपणा आहे. पण आजारी मूल कुशीत घेतलेल्या आईला ते काय पुरणार?

विधीच्या जोडीला शास्त्रवचनही होते. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या ओवीत, एका माणसामुळे पाप जगात आले व पापामुळे मरण आले, असे सांगून पुढे ‘सर्वांनी पाप केले’ याला जोडणारे दोन लहानसे ग्रीक शब्द येतात. बहुतेक आधुनिक अभ्यासक त्यांचा अर्थ ‘ज्याअर्थी’, ‘कारण’ असा घेतात. म्हणजे सर्वांनी पाप केले, म्हणून सर्वांना मरण आले. लॅटिन भाषांतरात या शब्दांच्या जागी ‘इन क्वो’ आले. त्याचा अर्थ ‘ज्याच्यामध्ये’ असाही होतो. आदामामध्ये सर्वांनी पाप केले, असे वाचता येऊ लागले. ऑगस्टीनपूर्वीच्या एका अज्ञात लॅटिन भाष्यकाराने तसे वाचले होते आणि ऑगस्टीनने त्याचाच आधार घेतला. त्यातच ऑगस्टीनच्या हातातील लॅटिन पाठात, सर्व माणसांत जे पसरले ते ‘मरण’, हा शब्द त्या जागी नव्हता. त्यामुळे पसरले ते पापच, असा अर्थ लावायला मोकळीक मिळाली.

मूळ पापाचा सिद्धान्त केवळ भाषांतराच्या चुकीतून जन्मला, असे अनेकदा ऐकू येते. मला ते पटत नाही. ऑगस्टीनला ग्रीक कमी येत असले तरी गरज पडली की तो मूळ पाठ काढून पाहत असे. पुढे इटलीतील एक्लानमचा बिशप ज्युलियन याने ग्रीक धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तम याचा दाखला दिला की बाळांवर पाप नसतानाही आपण त्यांना बाप्तिस्मा देतो. ऑगस्टीनने ग्रीक मजकूर पाहून दाखवून दिले की तिथे ‘पापे’ असे अनेकवचन आहे. म्हणजे बाळाने स्वतः केलेली कृत्ये नाहीत एवढेच त्याचे म्हणणे. लॅटिन ‘इन क्वो’ने त्याचे काम सोपे केले, पण त्याचा खरा आधार होता बाप्तिस्म्याचा विधी. भाषांतर बदलले असते, तरी ती फुंकर शिल्लक राहिलीच असती.

मात्र या युक्तिवादाची किंमत मोठी होती. बाळावर पाप आहे आणि ते बाप्तिस्म्यानेच जाते, तर बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळाचे काय? ऑगस्टीनचे उत्तर : त्याला शिक्षा होते, पण सर्वांत सौम्य. ४१५ साली त्याने जेरोमला आत्म्याच्या उत्पत्तीविषयी एक लांब पत्र लिहिले. प्रत्येक आत्मा देव नव्याने घडवतो, तर त्या नव्या आत्म्याला आदामाचे पाप चिकटते कसे, हे त्याला उलगडत नव्हते. बाळांच्या शिक्षेपाशी आलो की मी मोठ्या पेचात सापडतो आणि काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही, अशी कबुली त्या पत्रात आहे. हा पेच त्याला अखेरपर्यंत सुटला नाही. तरी निष्कर्ष त्याने सोडला नाही.

निकाल कसा लागला

वाद केवळ लेखणीने मिटला नाही. डिसेंबर ४१५मध्ये पॅलेस्टाइनमधील डायोस्पोलिस येथे १४ बिशपांच्या सभेने पेलाजियसला निर्दोष ठरवले. सेलेस्टियसच्या नावावरची विधाने त्याने तिथे नाकारली. आफ्रिकेतील बिशपांनी मग दोन सभा भरवून रोमकडे दाद मागितली. पोप इनोसंटने ४१७च्या जानेवारीत त्यांच्या बाजूने उत्तर दिले, पण मार्चमध्ये तो वारला. नवा पोप झोसिमस याला सेलेस्टियस आणि पेलाजियस यांची निवेदने समाधानकारक वाटली. म्हणजे निकाल पुन्हा उलटला.

३० एप्रिल ४१८ रोजी रावेन्नाहून सम्राट होनोरियसचे फर्मान निघाले, की पेलाजियस व सेलेस्टियस यांना रोममधून हद्दपार करावे. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, कार्थेजमध्ये २००हून अधिक बिशपांची सभा भरली. रावेन्ना आणि कार्थेज यांच्यामध्ये समुद्र आहे. एका दिवसात बातमी जाणे शक्य नव्हते. आफ्रिकन बिशपांनी दरबारात आधीच संधान बांधले होते, असे इतिहासकार मानतात ते यामुळेच. ऑगस्टीनचा मित्र अलिपियस याने दरबारी अधिकाऱ्यांना ८० घोडे चारले, असा आरोप ज्युलियनने पुढे केला. आरोप शत्रूचा आहे, तो तेवढ्याच बेताने घ्यावा. झोसिमसने त्याच उन्हाळ्यात भूमिका बदलून निषेधपत्र काढले. त्यावर सही नाकारणाऱ्या १८ इटालियन बिशपांना पद गमवावे लागले, ज्युलियन त्यांतलाच.

पण कार्थेजच्या ठरावांकडे नीट पाहिले, तर त्यांचा आधार फर्मान नाही. बाळाला आदामाकडून काही आलेच नसेल तर ‘पापांच्या क्षमेसाठी’ हे शब्द त्याच्यापुरते खोटे ठरतील, असे एक ठराव सांगतो. ‘आमची पापे क्षमा कर’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली विनंती संतसुद्धा केवळ नम्रतेपोटी नव्हे, तर खरोखरच स्वतःसाठी करतात, असे दुसऱ्याचे म्हणणे. लोक रोज काय करतात आणि काय म्हणतात, यावरून सिद्धान्त ठरला.

मग मला रागावता कशाला?

पेलाजियस हरला, तेव्हा खरा अवघड प्रश्न पुढे आला, तो ऑगस्टीनच्याच बाजूच्या माणसांकडून. ४२६च्या सुमारास हाद्रुमेतुम, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील सूस, येथील मठातला फ्लोरस नावाचा साधू गावी गेला असता त्याला ऑगस्टीनचे एक जुने पत्र सापडले. रोममधील सिक्स्टस नावाच्या धर्मगुरूला लिहिलेल्या त्या पत्रात कृपेची बाजू अगदी टोकाला नेऊन मांडली होती : देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणगीला मुकुट घालत असतो. फ्लोरसने त्याची नक्कल करवून मठात पाठवली आणि तिथे भांडण पेटले. सगळे देवाचेच असेल, तर शेवटच्या दिवशी कृतींचा न्याय कसला? मठाधिपती व्हॅलेंटिनस याला ते आवरेना. दोन तरुण साधू थेट हिप्पोला ऑगस्टीनकडे गेले.

ऑगस्टीनने त्यांना ठेवून घेतले, समजावले आणि ‘कृपा व इच्छास्वातंत्र्य’ हा ग्रंथ लिहून बरोबर दिला. आज्ञा आहेत म्हणजे इच्छा आहे, प्रार्थना आहे म्हणजे कृपा आहे, दोन्ही धरा. यावर मठातून नवा प्रश्न आला. एक जण म्हणाला होता, की आज्ञा पाळण्याचे बळ देवच देतो, तर वडीलधाऱ्यांनी काय करावे ते सांगावे आणि माझ्यासाठी प्रार्थना करावी. मी चुकलो तर मला रागावू नये. जे मला मिळालेच नाही, त्याबद्दल बोल कसा लावता?

पेलाजियसच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हा प्रश्न मला अधिक धारदार वाटतो. मठ चालतो तो शिस्तीवर, आणि शिस्त उभी असते ती ‘तू वेगळे वागू शकला असतास’ या वाक्यावर. ऑगस्टीनचे उत्तर असे : रागावणे हेही कृपेचे एक साधन आहे. बोल लागला, लाज वाटली, त्यातून पश्चात्ताप झाला, तर त्या लाजेतून देवच काम करत असतो. कोण निवडलेला आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून सर्वांना प्रेमाने रागवावे. उत्तर व्यवहारात चालते. पण ज्याच्यावर बोलण्याचा परिणाम झाला नाही, त्याला ती कृपा मिळालीच नाही असे ठरते. आणि का मिळाली नाही, यावर ऑगस्टीनपाशी एकच शब्द उरतो : रहस्य.

दक्षिण गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, साधूंना हे पुरेसे वाटले नाही. मार्सेचा योहान कॅसियन याने पुस्तकी सूत्रापेक्षा माणसांकडे पाहिले. पौल आणि मत्तय यांना देवाने त्यांची इच्छा नसताना ओढून घेतले. पण जक्कय? तो आपण होऊन झाडावर चढला. वधस्तंभावरचा चोर? त्याने स्वतः तोंड उघडून विनवले. कधी देव आधी येतो, कधी माणूस पहिले पाऊल टाकतो आणि देव धावून येतो. यातले एकच खरे असे म्हणू नका, हे कॅसियनचे सांगणे. ऑगस्टीनने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत याला दोन ग्रंथांतून उत्तर दिले की पहिले पाऊलही कृपेचेच. २८ ऑगस्ट ४३० रोजी तो वारला, तेव्हा हा मुद्दा उघडाच होता.

ऑरेंजची तडजोड

३ जुलै ५२९ रोजी दक्षिण गॉलमधील ऑरेंज या गावी, एका नव्या चर्चच्या समर्पणाच्या निमित्ताने, १४ बिशप जमले. अध्यक्ष होता आर्लचा बिशप सीझेरियस. स्वतः मठात वाढलेला आणि ऑगस्टीनला गुरू मानणारा. त्यांनी २५ कलमे मान्य केली. ५३१ साली पोप दुसरा बोनिफेस याने त्यांना मान्यता दिली.

त्यात ऑगस्टीनचे पुष्कळ आहे. आदामापासून फक्त मरणच नाही तर पापही उतरते. विश्वासाची सुरुवात, इतकेच काय विश्वास ठेवावासा वाटणे हेही कृपेचे. कॅसियनचा जक्कय इथे हरला. पण शेवटी जोडलेल्या निवेदनात दोन गोष्टी आहेत. देवाने कोणाला पापासाठीच नेमले आहे असे म्हणणाऱ्याचा धिक्कार असो, ही पहिली. बाप्तिस्म्याने कृपा मिळाली की बाप्तिस्मा झालेले सर्वजण, ख्रिस्ताच्या साहाय्याने, मनापासून कष्ट केले तर तारणासाठी लागणारे सारे करू शकतात आणि त्यांनी ते केले पाहिजे, ही दुसरी.

‘सर्वजण’ या शब्दात तडजोड आहे. गॉलमध्ये तोवर बाळपणीच बाप्तिस्मा होणे सर्रास झाले होते. म्हणजे कृपा आधी येते हा ऑगस्टीनचा सिद्धान्त प्रत्येकाच्या बाबतीत एका ठरावीक दिवशी, बोलता येण्यापूर्वीच, खरा झालेला असे. त्यानंतर साधूंच्या कष्टांना, मठाधिपतीच्या रागावण्याला जागा मोकळी. निवडक थोड्यांसाठीच असलेली, अडवता न येणारी कृपा ऑरेंजने उच्चारली नाही. ती नाकारलीही नाही. फक्त मागे ठेवली.

पुढे दहाव्या शतकापासून ऑरेंजची कलमे विस्मरणात गेली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा उजेडात आली. कॅल्व्हिन ऑगस्टीनचा दाखला देत होता, तेव्हाच ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी ठरवले की सुरुवात कृपेची. पण माणसाची इच्छा तिला होकार देते आणि नकारही देऊ शकते. तो होकार पुन्हा कोणाचा, यावर डोमिनिकन आणि जेझुइट धर्मपंडित रोममध्ये १५९८पासून १६०७पर्यंत भांडले. शेवटी पोप पाचवा पॉल याने निकाल न देताच सभा संपवली. याच पिढीतला एक जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स, तेव्हा गोव्यातील साष्टीत होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि आदामाच्या पतनाची कथा मराठी ओवीत आली.

बाळांचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. मध्ययुगातील पंडितांना सौम्य शिक्षासुद्धा सोसवेना. त्यांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिली, जिथे दुःख नाही पण देवाचे दर्शनही नाही. कार्थेजच्या ठरावांच्या काही हस्तलिखितांत अशी मधली जागा नाकारणारे जास्तीचे एक कलम आहे, तरीही. म्हणजे पेलाजियसला जे कुठे ठेवावे कळत नव्हते, ते बाळ त्याच्या विरोधकांच्या वारसांनी त्याच्या उत्तराजवळच आणून ठेवले. २००७ साली कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या प्रश्नावर एक निवेदन प्रसिद्ध केले. लिंबो हे एक संभाव्य मत आहे, ती श्रद्धेची बाब नव्हे; बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचे तारण होईल अशी आशा धरायला सबळ आधार आहेत, मात्र खात्रीचे ज्ञान नाही, असे त्याचे म्हणणे.

विधीवरून सिद्धान्त ठरवण्याची जी पद्धत ऑगस्टीनने वापरली, तिचा एक धागा या निवेदनातही आहे. चर्चच्या नव्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाच्या अंत्यविधीसाठी प्रार्थना आहे, हा आयोगाने दिलेल्या आधारांपैकी एक. आशा नसेल तर त्या कबरीशी ही प्रार्थना कशासाठी म्हणायची, असा तो तर्क आहे. कार्थेजला फुंकरीवरून बाळाचे पाप सिद्ध झाले होते. पंधरा शतकांहून अधिक काळानंतर तशाच तर्काने त्या बाळासाठी आशेची जागा निघाली.